‘ओन्ली’, ‘ऑलवेज’ आणि ‘नेव्हर’ : इंग्रजी मसुद्यात त्यांची जागा कशी तपासायची

इंग्रजी मसुदा तपासायला घेतला की स्पेलिंगच्या चुका संगणक दाखवतो. ‘ओन्ली’ भलत्या जागी बसला असेल तर मात्र तो बहुतेक वेळा काही बोलत नाही. त्याचं कारण साधं आहे. वाक्य व्याकरणाने शुद्ध असतं, पण लेखकाला जे म्हणायचं होतं त्यापेक्षा वेगळंच काही सांगत असतं. ही चूक माणसानेच वाचून पकडावी लागते. ती पकडण्याची एक ठरावीक पद्धत बसवली तर चार-पाच पानांच्या मसुद्याला फार वेळ लागत नाही. नव्याने संपादन किंवा भाषांतर करू लागलेल्यांसाठी ती पद्धत इथे क्रमाने सांगतो. उदाहरणांची इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचत पुढे गेलात तर जास्त उपयोग होईल.

आधी एक फरक मनात पक्का करा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’, ‘युज्वली’, ‘रेअरली’ ही क्रियाविशेषणं क्रिया किती वेळा होते ते सांगतात. ती क्रियापदाशी बांधलेली असतात, त्यामुळे त्यांची जागा मुख्यतः व्याकरण ठरवतं. ‘ओन्ली’चं तसं नाही. तो कर्त्याला लागू शकतो, कर्माला लागू शकतो, वेळेला किंवा जागेलाही लागू शकतो. त्याची जागा अर्थ ठरवतो. म्हणून पहिल्या गटासाठी ‘क्रियापद कुठे आहे?’ हा प्रश्न पुरतो, तर ‘ओन्ली’साठी ‘बाकी काय वगळायचं आहे?’ हा प्रश्न विचारावा लागतो. दोन्ही तपासण्या एकाच वाचनात करायला गेलं की गोंधळ होतो, तेव्हा दोन वेगळ्या फेऱ्या करा.

शब्द शोधून काढा

सरळ वाचत गेलं तर हे शब्द नजरेतून निसटतात; ते इतके छोटे आणि ओळखीचे असतात. त्यापेक्षा मसुद्यात शोध लावा. साध्या शोधात ‘ओन्ली’ टाकला तर ‘कॉमन्ली’सुद्धा सापडतो, कारण त्या शब्दाच्या स्पेलिंगची शेवटची चार अक्षरं तीच आहेत. म्हणून शोधाच्या चौकटीत पूर्ण शब्दच शोधण्याचा पर्याय निवडा. मसुदा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असेल आणि टर्मिनल वापरायची सवय असेल, तर एका आज्ञेत सगळी यादी मिळते:

```
grep -nwiE "only|always|never|often|usually|rarely" draft.txt
```

यातल्या `w` मुळे पूर्ण शब्दच सापडतात, `n` मुळे ओळीचा क्रमांक दिसतो आणि `i` मुळे लहान-मोठी अक्षरं सारखीच धरली जातात. जिथे जिथे शब्द सापडला तिथे रंग भरून ठेवा. या टप्प्यावर काहीही बदलू नका.

पहिली फेरी : ‘ऑलवेज’ आणि ‘नेव्हर’चा गट

रंगवलेल्या प्रत्येक वाक्यात मुख्य क्रियापद शोधा आणि त्याच्या आधी साहाय्यक क्रियापद आहे का ते पाहा. ‘हॅज’, ‘विल’, ‘कॅन’, ‘शुड’, ‘इज’ अशी ती साहाय्यक क्रियापदं.

साहाय्यक नसेल तर क्रियाविशेषण थेट मुख्य क्रियापदाच्या आधी येतं: ‘शी ऑलवेज चेक्स द डेट.’ साहाय्यक असेल तर ते त्याच्यानंतर येतं: ‘शी हॅज ऑलवेज चेक्ड द डेट’, ‘यू शुड नेव्हर शेअर द पासवर्ड.’ साहाय्यक एकापेक्षा जास्त असतील तर नेहमीची जागा पहिल्याच्या नंतरची: ‘द फाइल वुड नेव्हर हॅव बीन डिलीटेड.’ आणि ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ हेच मुख्य क्रियापद असेल, तर क्रियाविशेषण त्याच्या पुढे जातं: ‘द रिपोर्ट इज नेव्हर लेट.’

आपल्याकडच्या मसुद्यांत दोन चुका वारंवार दिसतात. पहिली म्हणजे ‘यू ऑलवेज शुड चेक’. बोलताना एखाद्या शब्दावर जोर द्यायला इंग्रजी बोलणारे असं म्हणतातही, पण साध्या सूचनेत ते खटकतं; ‘शुड ऑलवेज चेक’ करा. दुसरी चूक जास्त गंभीर: ‘शी चेक्स ऑलवेज द डेट.’ इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये हे शब्द घुसवता येत नाहीत. मराठीत ‘ती तारीख नेहमी तपासते’ आणि ‘ती नेहमी तारीख तपासते’ दोन्ही चालतं, कारण क्रियापद शेवटी असतं आणि त्याच्या आधीच्या जागेत शब्द मोकळेपणाने हलतात. तीच मोकळीक हात इंग्रजीतही घेऊ बघतो. म्हणून रंगवलेल्या शब्दाच्या लगेच डावीकडे मुख्य क्रियापद आणि लगेच उजवीकडे कर्म दिसलं की वाक्य दुरुस्त करा.

‘हॅव’ या शब्दापाशी थांबून नीट पाहा, कारण तो तीन वेषांत येतो. ‘दे हॅव ऑलवेज केप्ट अ कॉपी’ मध्ये तो साहाय्यक आहे, म्हणून ‘ऑलवेज’ त्याच्यानंतर. ‘दे ऑलवेज हॅव अ कॉपी’ मध्ये तोच मुख्य क्रियापद आहे, म्हणून ‘ऑलवेज’ त्याच्या आधी. ‘दे ऑलवेज हॅव टू कीप अ कॉपी’ मध्ये ‘हॅव टू’ बंधन सांगतो, आणि तिथेही ‘ऑलवेज’ आधीच येतो. ‘हॅव’ दिसला म्हणून डोळे मिटून शब्द त्याच्या मागे ढकलणारे संपादक चांगली वाक्यं बिघडवतात.

काही ठिकाणं या नियमाच्या बाहेरची आहेत. आज्ञार्थी वाक्याची सुरुवातच ‘ऑलवेज’ किंवा ‘नेव्हर’ने होते: ‘नेव्हर ओपन द पॅनेल व्हाइल द मशीन इज रनिंग.’ प्रश्नात हा शब्द कर्त्यानंतर येतो: ‘डू यू ऑलवेज चेक द डेट?’ आणि उत्तर साहाय्यक क्रियापदावरच थांबत असेल तर तो त्याच्या आधी सरकतो: ‘यस, आय ऑलवेज हॅव.’ याशिवाय ‘युज्वली’ आणि ‘ऑफन’ वाक्याच्या सुरुवातीला चालतात, तसे साध्या विधानात ‘ऑलवेज’ आणि ‘नेव्हर’ चालत नाहीत. ‘नेव्हर’ विधानाच्या सुरुवातीला आणला तर साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी घ्यावं लागतं: ‘नेव्हर हॅव आय सीन सच अ रिपोर्ट.’ ही भाषणाची किंवा साहित्याची भाषा झाली. माहितीपत्रकात तिची गरज नसते.

नकार असेल तिथे जास्त वेळ द्या

या फेरीतली सर्वात महाग चूक नकारात होते. ‘हे बटण नेहमी चालत नाही’ हे वाक्य बघा. मराठीत ते ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो: कधी चालतं, कधी नाही. पण तेच वाक्य ‘हे बटण कधीच चालत नाही’ या अर्थानेही वैतागून म्हटलं जातं. इंग्रजीत या दोन अर्थांच्या जागा वेगळ्या आहेत. ‘द बटन डझ नॉट ऑलवेज वर्क’ म्हणजे कधी कधी चालत नाही. ‘द बटन नेव्हर वर्क्स’ म्हणजे कधीच चालत नाही. आणि मराठीच्या क्रमाने लिहिलेलं ‘द बटन ऑलवेज डझ नॉट वर्क’ हे वाचकाला अडखळवतं. शब्दशः घेतलं तर त्याचा अर्थ ‘दर वेळी चालत नाही’, म्हणजे जवळपास ‘नेव्हर’च होतो.

म्हणून ‘ऑलवेज’च्या आसपास ‘नॉट’ दिसला की जागा दुरुस्त करण्याआधी अर्थ ठरवा. मूळ लेखकाला विचारता येत असेल तर थेट विचारा, ‘एकदा तरी चालतं का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ‘नॉट ऑलवेज’, ‘नाही’ असेल तर ‘नेव्हर’. तक्रार-नोंदीत किंवा यंत्राच्या माहितीत या दोन उत्तरांवरून पुढची दुरुस्ती वेगळी होते, तेव्हा इथे अंदाज करू नका. ‘नेव्हर’ वापरलात तर त्याच वाक्यात दुसरा नकार राहिला नाही ना, तेही पाहा. मराठीत ‘कधीच’ आणि ‘नाही’ जोडीने येतात, प्रमाण इंग्रजीत ‘नेव्हर’ एकटाच पुरतो.

दुसरी फेरी : ‘ओन्ली’

आता सुरुवातीला जा आणि ‘ओन्ली’ची वाक्यं घ्या. इथे नियम एकच आहे, पण तो लावताना विचार करावा लागतो: ज्या शब्दाला किंवा शब्दसमूहाला मर्यादा घालायची आहे, त्याच्या लगेच आधी ‘ओन्ली’ ठेवा. ‘ऑलवेज’ला क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये मनाई आहे, ‘ओन्ली’ला मात्र तिथे मोकळी वाट आहे. ‘शी चेक्स ओन्ली द डेट’ हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. दोन फेऱ्या वेगळ्या ठेवण्याचं हेही एक कारण.

मर्यादा नक्की कशाला घालायची हे ओळखायला मराठी माणसाजवळ उत्तम साधन आहे. ते वाक्य मराठीत म्हणा आणि ‘च’ कुठे लागतो ते ऐका. ‘आय ओन्ली मेल्ड द मॅनेजर’ हे वाक्य घेऊ.

‘मीच मॅनेजरला मेल केला, बाकी कुणी नाही’ असं म्हणायचं असेल तर ‘ओन्ली आय मेल्ड द मॅनेजर.’ ‘मी मॅनेजरलाच मेल केला, बाकी कुणाला नाही’ असेल तर ‘आय मेल्ड ओन्ली द मॅनेजर.’ ‘मी मॅनेजरला मेलच केला, फोन किंवा भेट नाही’ असेल तर ‘ओन्ली’ क्रियापदाच्या आधी आहे तिथेच बरोबर आहे. मात्र हा तिसरा अर्थ महत्त्वाचा असेल तर नुसत्या जागेवर विसंबू नका, कारण बहुतेक वाचक क्रियापदाआधीचा ‘ओन्ली’ कर्माला लावूनच वाचतात. तिथे वाक्यच उघड करा: ‘आय मेल्ड द मॅनेजर बट डिड नॉट कॉल.’

या चाचणीला एक पथ्य आहे. ‘च’ दर वेळी मर्यादा घालत नाही. ‘तो येईलच’ मध्ये तो नुसती खात्री देतो. म्हणून ‘च’ बरोबर ‘बाकी … नाही’ हा तुकडा पूर्ण करून पाहायचाच. तो तुकडा तुम्हाला भरता आला नाही, तर मूळ वाक्यात कसली मर्यादा होती हे तुम्हालाही कळलेलं नाही. ते लेखकाला विचारायला हवं.

बोलताना हा प्रश्न फारसा येत नाही. ‘आय ओन्ली मेल्ड द मॅनेजर’ म्हणणारा माणूस ‘मॅनेजर’वर किंवा ‘मेल्ड’वर जोर देतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. कागदावर तो जोर उमटत नाही, तेव्हा त्याचं काम शब्दाच्या जागेला करावं लागतं.

एक परिच्छेद तपासून पाहू

एका प्रोग्रॅमच्या मदतपानासाठी आलेला हा मजकूर समजा:

‘द प्रोग्रॅम ओन्ली सेव्ह्ज द बॅकअप ऑन फ्रायडे. युजर्स ऑलवेज शुड चेक द डेट. द ओल्ड फाइल इज डिलीटेड नेव्हर विदाउट अ वॉर्निंग. इट ओन्ली कॅन बी ओपन्ड बाय द ॲडमिन. युजर्स हू चेंज सेटिंग्ज रेअरली नीड हेल्प.’

पहिल्या फेरीत दुसरं आणि तिसरं वाक्य लगेच सुटतं. ‘शुड’ साहाय्यक आहे, ‘चेक’ मुख्य. म्हणून ‘युजर्स शुड ऑलवेज चेक द डेट.’ तिसऱ्यात ‘इज’ साहाय्यक आणि ‘डिलीटेड’ मुख्य. म्हणून ‘द ओल्ड फाइल इज नेव्हर डिलीटेड विदाउट अ वॉर्निंग.’ इथे ‘विदाउट’मुळे आणखी एक नकार आला आहे, पण तो योग्य आहे. ‘इशारा दिल्याशिवाय फाइल कधीच पुसली जात नाही’ असं मराठीत म्हणून पाहिलं की खात्री पटते.

शेवटचं वाक्य वरवर शुद्ध आहे. ‘रेअरली’ मुख्य क्रियापदाच्या, म्हणजे ‘नीड’च्या, आधीच बसला आहे. पण त्याच्या डावीकडेही एक क्रिया आहे: ‘हू चेंज सेटिंग्ज’. जे सेटिंग्ज क्वचित बदलतात त्यांना मदत लागते, की जे बदलतात त्यांना मदत क्वचित लागते? एकाच शब्दाला दोन्ही बाजूंनी ओढलं जात आहे. ‘हू’, ‘दॅट’ किंवा ‘व्हेन’ने सुरू झालेलं उपवाक्य संपतं तिथेच असा शब्द आला की हा धोका असतो, आणि जागेचा नियम पाळूनही तो टळत नाही. पहिला अर्थ हवा असेल तर ‘युजर्स हू रेअरली चेंज सेटिंग्ज नीड हेल्प’ लिहा. दुसरा हवा असेल तर शब्द हलवून भागत नाही, वाक्य मोडावं लागतं: ‘इफ युजर्स चेंज सेटिंग्ज, दे रेअरली नीड हेल्प.’

आता दुसरी फेरी. ‘इट ओन्ली कॅन बी ओपन्ड बाय द ॲडमिन’ हे वाक्य मराठीत म्हटलं तर ‘ती ॲडमिनलाच उघडता येते, बाकी कुणाला नाही.’ ‘च’ ॲडमिनला लागला. म्हणून ‘इट कॅन बी ओपन्ड ओन्ली बाय द ॲडमिन.’ हे बरोबर आहे, पण इथे मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. ज्याला मर्यादा घातली आहे तो खरं तर काम करणाराच आहे, मग त्याला कर्ता करा: ‘ओन्ली द ॲडमिन कॅन ओपन इट.’ वाक्य लहान होतं आणि ‘ओन्ली’ला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही.

राहिलं पहिलं वाक्य, आणि यात सर्वात जास्त धोका आहे. ‘बॅकअप शुक्रवारीच घेतला जातो, बाकी दिवशी नाही’ असा अर्थ असेल तर ‘द प्रोग्रॅम सेव्ह्ज द बॅकअप ओन्ली ऑन फ्रायडे.’ ‘शुक्रवारी बॅकअपच घेतला जातो, बाकी फाइली नाही’ असा असेल तर ‘द प्रोग्रॅम सेव्ह्ज ओन्ली द बॅकअप ऑन फ्रायडे.’ ‘बॅकअप साठवला जातोच फक्त, तो नीट झाला का ते तपासलं जात नाही’ असा असेल तर ‘द प्रोग्रॅम सेव्ह्ज द बॅकअप ऑन फ्रायडे बट डझ नॉट टेस्ट इट.’ तिन्ही अर्थ खरे असू शकतात. मजकुराकडे बघून पहिला अर्थ सर्वात संभाव्य वाटतो, पण तिसरा खरा निघाला तर न तपासलेल्या बॅकअपवर कुणीतरी विश्वास ठेवून बसेल. असं वाक्य ज्याला प्रोग्रॅम माहीत आहे त्याच्याकडे पाठवायचं. पाठवताना ‘ओन्लीची जागा बघा’ असं लिहू नका. तिन्ही अर्थ मराठीत लिहून ‘यातला कोणता?’ असं विचारा. उत्तर एका शब्दात येतं.

कुठे हात लावू नये

हा नियम शिकल्यावर प्रत्येक ‘ओन्ली’ हलवायचा मोह होतो. तो आवरा. फाउलर या इंग्रजी कोशकाराने 1926 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषावापराच्या कोशात हाच मुद्दा मांडला होता: ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ यासारख्या वाक्यात गैरसमजाला वावच नाही, तेव्हा ‘ओन्ली’ मागे ढकलण्याचा आग्रह कशाला? माणूस ‘मेलाच फक्त, आणखी काही केलं नाही’ असं कुणी वाचणार नाही. क्रियापदाआधीची जागा ही इंग्रजीत ‘ओन्ली’ची रोजची, सहज जागा आहे. ‘ही ओन्ली वॉन्टेड टू हेल्प’ हे वाक्य तसंच राहू द्या.

मजकूर कसला आहे यावर मी कडकपणा ठरवतो. करार, नियम, औषधाच्या किंवा यंत्राच्या सूचना, प्रवेशाच्या अटी यांत ‘ओन्ली’ त्याच्या शब्दाला चिकटलेलाच हवा, अर्थ उघड वाटला तरी. कारण तिथे कधी ना कधी कुणीतरी मुद्दाम दुसरा अर्थ काढायला बसणार आहे. पत्रात, लेखात, बातमीत अर्थ खरोखर दुभंगत असेल तरच हलवायचा. कथेतल्या संवादात तर मुळीच नाही. माणसं जशी बोलतात तसा ‘ओन्ली’ क्रियापदाआधी राहिला पाहिजे, नाहीतर पात्र नोटीस वाचल्यासारखं बोलू लागतं.

काही जोड्या गोठलेल्या आहेत, त्या फोडू नका. ‘मेंबर्स ओन्ली’ अशा पाटीत तो मागेच येतो. ‘इफ ओन्ली’ हळहळ सांगतो आणि ‘ओन्ली इफ’ अट घालतो. यांची अदलाबदल केली तर वाक्याचा सूरच बदलतो. आणि ‘ओन्ली आफ्टर’ किंवा ‘ओन्ली व्हेन’ने वाक्य सुरू झालं तर पुढच्या मुख्य भागात साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: ‘ओन्ली आफ्टर द टेस्ट डिड दे सेव्ह द फाइल.’ तुम्ही स्वतः ‘ओन्ली’ उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेलात तर हा उलटा क्रम करायला विसरू नका. कर्त्यालाच लागलेल्या ‘ओन्ली’ला मात्र तो लागू नाही, ‘ओन्ली द ॲडमिन कॅन ओपन इट’ सरळच राहतं.

दोन्ही फेऱ्या झाल्या की पहिला शोध पुन्हा लावा आणि बदललेली वाक्यंच तेवढी त्यांच्या आधीच्या व नंतरच्या ओळीसकट वाचा. शब्द हलवताना बहुधा दोन गोष्टी बिघडलेल्या सापडतात: जुन्या जागेवरचा ‘ओन्ली’ पुसायचा राहून तो वाक्यात दोनदा येतो, किंवा ‘ऑलवेज’ हलवल्यावर ‘चेक्स’चा शेवटचा ‘स’ निघून जातो.